तारीख ठरलेली, यादी बदलती

सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत रोडमॅप आणि रिलीजचा आराखडा हे दोन वेगळे दस्तऐवज असतात, आणि पुढचे बरेचसे गोंधळ त्यांची गल्लत झाल्यापासून सुरू होतात. येत्या वर्ष-दीड वर्षात हे उत्पादन कोणाच्या कोणत्या अडचणी कोणत्या क्रमाने सोडवणार आहे, हे रोडमॅप सांगतो. रिलीजचा आराखडा त्याहून जवळचा असतो. पुढच्या काही स्प्रिंटमध्ये मिळून ग्राहकाच्या हाती नेमके काय पडेल आणि केव्हा पडेल, एवढेच त्यात असते. स्प्रिंट म्हणजे टीमने कामाचा एक तुकडा हातात घेऊन पूर्ण करण्याची ठरावीक मुदत. स्क्रम पद्धतीत ती एक महिन्याहून जास्त नसते आणि पुष्कळ टीम ती दोन आठवड्यांची ठेवतात.

एका स्प्रिंटचे नियोजन फारसे अवघड नसते. काम समोर असते, माणसे ओळखीची असतात, कोण रजेवर आहे हे ठाऊक असते. खरा प्रश्न सहा-आठ स्प्रिंटच्या पल्ल्यावर येतो. यादीतल्या शेवटच्या फीचरांचा आकार तिथे कोणालाच नीट माहीत नसतो, वाटेत कोणते नवे काम निघेल ते सांगता येत नाही, आणि तरीही विक्री विभागाला, ग्राहकाला आणि पैसे लावणाऱ्याला तारीख हवी असते. केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांच्या २०१० सालच्या स्क्रम गाइडमध्ये रिलीज प्लॅनिंगच्या बैठकीला जागा होती. पुढच्याच वर्षीच्या आवृत्तीत ती काढून टाकली गेली. बैठक नियमांतून गेली, गरज मात्र राहिली. त्यामुळे हे काम कसे करायचे ते प्रत्येक टीमला स्वतःच ठरवावे लागते.

इतक्या लांबचा अंदाज किती चुकू शकतो, याचा पहिला नावाजलेला हिशेब बॅरी बोएम यांनी १९८१ मध्ये सॉफ्टवेअरच्या अर्थशास्त्रावरच्या आपल्या पुस्तकात मांडला. प्रकल्प नुसत्या कल्पनेच्या टप्प्यावर असताना केलेला अंदाज प्रत्यक्षाच्या चौपट निघू शकतो किंवा चौथा हिस्सा. म्हणजे त्या टप्प्यावर कोणी सहा महिने म्हटले, तर ते काम दीड महिन्यात संपण्याची शक्यता असते तशी दोन वर्षे चालण्याचीही असते. काम पुढे सरकते तशी ही रुंदी कमी होत जाते. स्टीव्ह मॅकॉनेल यांनी यात एक महत्त्वाची पुस्ती जोडली: नुसते दिवस गेल्याने ही रुंदी घटत नाही. काय करायचे आणि काय नाही याचे निर्णय होतात, शंकास्पद भाग प्रत्यक्ष बांधून पाहिले जातात, तेव्हाच ती घटते. निर्णय लांबवत राहिलेल्या प्रकल्पाची तारीख दहाव्या महिन्यातही पहिल्या महिन्याइतकीच संशयास्पद असते.

तारीख धरायची की यादी

एवढी अनिश्चितता असताना तारीख आणि फीचरांची यादी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पक्क्या करता येत नाहीत. एक धरली की दुसरी सैल सोडावी लागते. माणसे वाढवून दोन्ही साधता येतील असे वाटते खरे. पण उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे वाढवली की उशीर आणखी वाढतो, हे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवले आहे. नव्या माणसाला शिकवण्यात जुन्या माणसांचा वेळ जातो आणि सहा-आठ स्प्रिंटच्या अवधीत तो भरून निघणे कठीण असते.

यादी धरून तारीख सैल सोडली की काय होते, हे जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या इतिहासात स्पष्ट दिसते. जावाची सहावी आवृत्ती डिसेंबर २००६ मध्ये आली आणि सातवी जुलै २०११ मध्ये. मधली साडेचार वर्षे जाण्यात मालकी बदलाचा आणि इतर वादांचा वाटा होता, पण मोठ्या फीचरांची वाट पाहण्याचाही होता. त्यांतले सर्वांत मोठे होते प्रोजेक्ट जिगसॉ, म्हणजे जावाच्या अवाढव्य ग्रंथालयाचे स्वतंत्र भागांत विभाजन करण्याचे काम. २०१० मध्ये जावाच्या मंडळींनी समुदायासमोर दोन पर्याय ठेवले. सगळी ठरलेली फीचरे घेऊन २०१२ च्या मध्यावर आवृत्ती काढायची, किंवा जिगसॉसारखी मोठी कामे बाजूला ठेवून २०११ च्या मध्यावर. दुसरा पर्याय निवडला गेला आणि सातवी आवृत्ती खरोखरच त्या सुमारास निघाली. जिगसॉ आठव्या आवृत्तीवर ढकलला गेला, तिथून नवव्या आवृत्तीवर, आणि नववी आवृत्ती त्याच्यासाठी पुन्हा पुन्हा लांबत सप्टेंबर २०१७ मध्ये आली. या सगळ्या काळात तयार होऊन बसलेल्या छोट्या सुधारणा मोठ्या कामाच्या मागे अडकून पडल्या होत्या. एका फीचरच्या उशिराची किंमत बाकीची सगळी फीचरे मोजत होती.

त्यानंतर पद्धत उलटी केली गेली. दर मार्च आणि दर सप्टेंबरमध्ये आवृत्ती निघणार. जे तयार असेल ते जाणार, जे नसेल ते पुढच्या गाडीची वाट पाहणार. मार्च २०१८ मध्ये दहावी, सप्टेंबरमध्ये अकरावी, आणि हा क्रम पुढे चालू राहिला. त्याची खरी परीक्षा बाराव्या आवृत्तीच्या वेळी झाली. अनेक ओळींचा मजकूर जसाच्या तसा लिहिण्याची एक सोय त्या आवृत्तीत येणार होती. डिसेंबर २०१८ मध्ये, म्हणजे तारखेच्या तीनच महिने आधी, तिची रचना अजून पक्की नाही असे ठरले आणि ती यादीतून काढली गेली. मार्च २०१९ मध्ये आवृत्ती वेळेवर निघाली. ती सोय बदललेल्या रूपात सप्टेंबर २०१९ च्या तेराव्या आवृत्तीत आली, तीही आजमावून पाहण्यापुरती, आणि सप्टेंबर २०२० च्या पंधराव्या आवृत्तीत कायम झाली. अवघ्या सहा महिन्यांवर पुढची संधी आहे हे माहीत असल्यामुळे फीचर काढण्याचा निर्णय सोपा झाला. वर्षातून एकदाच रिलीज करणाऱ्या टीमला हेच जड जाते. तिथे पुढची तारीख फार दूर असल्याने प्रत्येकजण आपले काम आत्ताच आत ढकलू पाहतो, आणि त्या रेटारेटीतच तारीख बुडते.

म्हणून अनिश्चित स्थितीत बहुतेक वेळा तारीख धरून यादी सैल ठेवणे हितकारक ठरते. अपवाद आहेत. जिथे अर्धवट गोष्टीचा काहीच उपयोग नसतो, उदाहरणार्थ बँकेचा हिशेब एका संगणक प्रणालीतून दुसरीत नेणे, तिथे यादी पूर्ण होईपर्यंत थांबावेच लागते. पण टीम समजतात त्यापेक्षा असे प्रसंग बरेच कमी असतात.

सहा स्प्रिंटचा हिशेब

एक काल्पनिक पण रोजच्या व्यवहारातले उदाहरण घेतले तर पुढची रीत नीट उलगडते. समजा, पुण्यातली एक छोटी टीम सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी हिशेबाचे ॲप बनवते आहे. संस्थांचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. त्या दिवशी ॲप तयार नसेल तर खजिनदार पुन्हा जुन्या एक्सेलकडे वळणार आणि वर्षाच्या मध्यात हिशेबाची पद्धत कोणी बदलत नाही. त्यामुळे तारीख खरोखरच पक्की आहे. जानेवारीच्या पहिल्या सोमवारी काम सुरू केले तर दोन आठवड्यांचे सहा स्प्रिंट मार्चच्या अखेरीस संपतात.

टीमने हव्या त्या गोष्टींची यादी, म्हणजे बॅकलॉग, तयार केला आहे आणि प्रत्येक कामाला स्टोरी पॉइंट दिले आहेत. पॉइंट हे तास किंवा दिवस नव्हेत. एक काम दुसऱ्याच्या तुलनेत किती मोठे, एवढेच ते सांगतात. सभासद आणि फ्लॅटच्या नोंदी १३ पॉइंट, मेंटेनन्सचे तिमाही बिल २१, थकबाकीवरचे व्याज १३, पावत्या ८, जुन्या एक्सेलमधल्या शिल्लक रकमा आणणे २०, यूपीआयने भरणा १६, ऑडिटसाठीचे अहवाल १४, व्हॉट्सॲपवर आठवण ६, तक्रारींची नोंद ९. एकूण १२०. क्रम महत्त्वाचा आहे. यादी वरून खाली करत जायची असते, म्हणून जे नसले तर चालणार नाही ते वर.

आता टीमचा वेग, ज्याला व्हेलॉसिटी म्हणतात. गेल्या आठ स्प्रिंटमध्ये या टीमने अनुक्रमे १४, १९, १७, २२, ११, १८, २० आणि १६ पॉइंटचे काम पूर्ण केले. सरासरी सुमारे १७ येते. साहजिकच पहिला मोह होतो तो १७ ला ६ ने गुणण्याचा. १०२ पॉइंट होतील, म्हणजे अहवाल जवळजवळ बसतील, असे ग्राहकाला सांगून मोकळे व्हायचे. ही चूक इतकी सर्रास होते की तिच्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. सरासरीवर उभा केलेला अंदाज साधारण निम्म्या वेळा कमी पडतो, कारण निम्मे स्प्रिंट सरासरीच्या खालीच असतात. असा शब्द देणे म्हणजे नाणे उडवून शब्द देणे होय.

माइक कोन यांनी नियोजनावरच्या आपल्या लेखनात सुचवलेली साधी रीत अशी: सर्वांत मंद तीन स्प्रिंटची सरासरी काढायची आणि सर्वांत वेगवान तीनची. इथे मंद तीन म्हणजे ११, १४ आणि १६, त्यांची सरासरी सुमारे १३.७. वेगवान तीन १९, २० आणि २२, सरासरी सुमारे २०.३. सहा स्प्रिंटला गुणले की ८२ आणि १२२ असे दोन आकडे मिळतात. यादीवर या दोन ठिकाणी रेघा मारायच्या. ८२ च्या वर जे आहे ते जवळजवळ नक्की होणार. दोन रेघांच्या मधले होईलही, न होईलही. १२२ च्या खाली काही असते तर त्याची आशा धरायची नाही. या टीमच्या यादीत पहिली रेघ एक्सेलच्या कामाखाली, यूपीआयच्या मध्यात पडते. दुसरी शेवटच्या कामाच्याही खाली जाते. हाच हिशेब उलटा मांडला तर सगळे १२० पॉइंट व्हायला सहा ते नऊ स्प्रिंट लागतील, म्हणजे मार्चअखेर ते मेच्या पहिल्या पंधरवड्यातला कोणताही दिवस. ग्राहकाला यादीही हवी आणि १ एप्रिलही हवा असेल, तर त्याच्यासमोर हीच पट्टी ठेवावी लागते.

या रीतीच्या मर्यादाही आहेत. सहाच्या सहा स्प्रिंट मंद जातील असे सहसा होत नाही, म्हणून खालची रेघ गरजेपेक्षा थोडी सावध असते. काही टीम त्याऐवजी संगणकाकडून जुन्या वेगांतले आकडे हजारो वेळा चिठ्ठ्यांप्रमाणे उचलून घेतात आणि शंभरापैकी ८५ वेळा किती काम झाले ते पाहतात. तो आकडा जास्त नेमका असतो. पण दोन्ही रीतींत एक गोष्ट धरलेली नसते: यादी स्वतः वाढते. काम करताना नवे काम सापडते आणि ते जवळजवळ नेहमीच सापडते. त्यामुळे खालच्या रेघेतली ती सावधगिरी वाया जात नाही. नव्याने सापडणारे काम ती खाऊन टाकते.

दोन स्प्रिंटनंतर

पहिल्या स्प्रिंटमध्ये १३ पॉइंट झाले, दुसऱ्यात १६. नवे वर्ष उजाडताना दोघे रजेवर होते आणि २६ जानेवारीच्या जोडून आलेल्या सुट्टीमुळे पुढच्या कामाच्या तयारीची बैठक पुढे गेली, एवढेच कारण होते. यादीतून २९ पॉइंट कमी झाले. पण त्याच सुमारास टीमने तीन संस्थांच्या एक्सेल फाइल प्रत्यक्ष उघडून पाहिल्या. प्रत्येकीची मांडणी वेगळी होती. एका संस्थेने थकबाकीवर सरळव्याज लावण्याऐवजी व्याजावरही व्याज लावले होते. त्यामुळे शिल्लक रकमेतले मुद्दल आणि व्याज वेगळे करून घ्यावे लागणार होते. २० पॉइंटचे ते काम ३२ चे झाले.

नवा हिशेब करताना जुने दोन वेग गळतात आणि १३ व १६ हे नवे आत येतात. मंद तीनची सरासरी आता सुमारे १३.३, वेगवान तीनची २०. उरलेल्या चार स्प्रिंटमध्ये ५३ ते ८० पॉइंट होतील. झालेले २९ धरून एकूण ८२ ते १०९. खालची रेघ तिथेच राहिली, पण यादी १२० ची १३२ झाल्याने तिच्यावरची कामे खाली सरकली. एक्सेलचे काम ८७ वर संपते, म्हणजे तेसुद्धा आता नक्की नाही. यूपीआय १०३ वर गेले. अहवाल ११७ वर, म्हणजे वरच्या रेघेच्याही पलीकडे.

इथे बऱ्याच टीम एकतर रात्री जागायला लागतात किंवा तळाचे फीचर कापतात. त्यापेक्षा उपयोगी आहेत दोन प्रश्न, आणि रिलीजच्या नियोजनातले खरे कौशल्य या दोन प्रश्नांत आहे.

पहिला प्रश्न असा: हे काम खरोखर केव्हा लागते? थकबाकीवरचे व्याज घ्या. ३१ मार्चपर्यंतचे व्याज जुन्या हिशेबातूनच आकडा म्हणून येणार. १ एप्रिलनंतरचे व्याज पहिल्यांदा दिसेल ते जुलैच्या तिमाही बिलात. म्हणजे व्याजाचा हिशेब एप्रिलच्या रिलीजमध्ये नसला तरी एकाही खजिनदाराचे अडत नाही. यादी केली तेव्हा ‘बिल म्हटले की व्याज आलेच’ म्हणून ते वर टाकले गेले होते. ऑडिटचे अहवाल तर वर्ष संपल्यावर लागतात. त्यांना आणखी सवड आहे. प्रत्येक कामापुढे ‘यापुढे थांबता येणार नाही’ अशी तारीख लिहिली की यादीचा क्रम आपोआप बदलतो.

दुसरा प्रश्न: या फीचरचा सर्वांत पातळ पण उपयोगी काप कोणता? प्रत्येक संस्थेची वेगळी एक्सेल वाचणारा प्रोग्रॅम लिहिण्याऐवजी टीम एक ठरावीक नमुना देऊ शकते: फ्लॅट क्रमांक, मुद्दल थकबाकी, व्याज थकबाकी, जमा रक्कम. खजिनदार ते चार रकाने स्वतः भरेल. हे काम १२ पॉइंटचे होते आणि उरलेले २० नंतर करता येतात. खजिनदाराला दोन संध्याकाळी जास्त बसावे लागेल हे खरे, आणि ते त्याला आधी सांगणे टीमचे कर्तव्य आहे. पण त्याचा १ एप्रिल वाचतो.

आता यादी पुन्हा मांडली तर नोंदी, बिल आणि पावत्या ४२ वर संपतात, नमुन्यातली एक्सेल ५४ वर, यूपीआय ७० वर. ८२ च्या रेघेच्या हे सगळे वर आहे. व्याज ८३ वर, म्हणजे रेघेला टेकलेले, आणि ते हुकले तरी जुलैपर्यंत वेळ आहे. वेग वाढला नाही, माणसे वाढली नाहीत, तरी आधी नक्की नसलेले यूपीआय आता नक्की झाले. तक्रारींची नोंद मात्र ११२ वर गेली. एप्रिलमध्ये ती येणार नाही हे फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच सांगता आले. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सांगितले असते तर तोपर्यंत एखाद्या सेक्रेटरीने सर्वसाधारण सभेत तिची घोषणा करून टाकली असती.

यूपीआयच्या बाबतीत एक वेगळी खबरदारी लागते. त्यातले कोडचे काम टीमच्या हातात आहे, पण पेमेंट गेटवे देणाऱ्या कंपनीची मंजुरी, कागदपत्रे आणि चाचणी खाते तिच्या हातात नाही. बाहेरच्यावर अवलंबून असलेली अशी कामे यादीत त्यांच्या क्रमाने येईपर्यंत थांबत नसतात. पहिल्याच स्प्रिंटमध्ये अर्ज करून एक रुपयाचा चाचणी व्यवहार पार पाडण्याचे छोटे काम वेगळे काढले जाते. काम मोठे आहे म्हणून नव्हे, तर त्याच्याबद्दल सर्वांत कमी माहिती आहे म्हणून ते आधी. जी गोष्ट अंदाज उधळून लावू शकते ती लवकर करून पाहिली की रेघांमधले अंतर कमी होते.

शेवटच्या स्प्रिंटमध्ये नवे फीचर घेतले जात नाही, आणि हिशेबात याची जागा आधीपासून ठेवावी लागते. जुन्या आकड्यांतले स्प्रिंट साधे होते, रिलीजच्या आधीचा स्प्रिंट तसा नसतो. खऱ्या संस्थेचा खरा डेटा भरून बिले छापणे, दोन-तीन खजिनदारांकडून ती तपासून घेणे आणि निघालेले बग दुरुस्त करणे यात तो जातो. या टीमने शेवटच्या स्प्रिंटचे सहा पॉइंटच धरले असते तर खालची रेघ ८२ वरून ७५ च्या आसपास आली असती. यूपीआय तरीही तिच्या वर राहते, म्हणून आराखडा टिकतो.

आकडे केव्हा खोटे बोलू लागतात

या साऱ्याचा पाया आहे ‘पूर्ण’ या शब्दाचा अर्थ. कोड लिहून झाला पण टेस्टिंग बाकी आहे, असे काम वेगात मोजले तर दोन्ही रेघा खोट्या ठरतात. न झालेले टेस्टिंग कुठे जात नाही. रिलीजच्या तोंडावर ते एकदम समोर येते. आजच ग्राहकाच्या हाती देता येईल तेच पूर्ण, ही व्याख्या कडक ठेवली तर वेगाचे आकडे सुरुवातीला लहान दिसतात, पण विश्वासाचे असतात. अर्धे राहिलेले फीचर कोडमध्ये बंद कळीमागे ठेवून बाकीचे रिलीज करण्याची सोय असेल तर तारखेवरचा ताण आणखी कमी होतो.

दुसरा धोका वरून येतो. व्यवस्थापनाने वेग वाढवण्याचे लक्ष्य दिले की वेग वाढतो, काम वाढत नाही. काल ५ पॉइंटचे असलेले काम आज ८ चे ठरते. हे ओळखता येते: पॉइंट चढत जातात पण दर स्प्रिंटअखेर डेमोमध्ये दाखवायला असलेल्या गोष्टी तेवढ्याच राहतात. वेग हे मोजमाप आहे, ते फक्त त्या टीमच्या अंदाजासाठी आहे. दोन टीमच्या वेगांची तुलना करण्याला काहीच अर्थ नाही, कारण दोघींचा पॉइंट सारखा नसतो.

तिसरी खूण आलेखात दिसते. उरलेले काम दाखवणारी एकच उतरती रेषा काढली तर ती सपाट होण्याचे कारण कळत नाही: टीम मंदावली की यादी वाढली? म्हणून झालेले काम आणि एकूण काम अशा दोन वेगळ्या रेषा काढाव्यात. या टीमच्या आलेखात दोन स्प्रिंटनंतर खालची रेषा २९ वर आणि वरची १३२ वर दिसली असती. वरची रेषा १२ ने उचलली गेली हे एका नजरेत कळते आणि चर्चा योग्य जागी सुरू होते. तीन स्प्रिंट ओळीने वरची रेषा खालचीइतक्याच वेगाने चढत असेल, तर त्या रिलीजला तारीखच नाही असे समजावे आणि यादी कापण्याची बैठक त्याच आठवड्यात घ्यावी.

लांबचे धूसर ठेवणे

रिलीजच्या पलीकडे रोडमॅप असतो, आणि तिथे पॉइंट मांडणे व्यर्थ आहे. पुढच्या दिवाळीत करायच्या कामाचे तुकडे आज पाडले तर ते तुकडे दिवाळीपर्यंत चार वेळा बदलतील आणि प्रत्येक वेळी त्यांवर घालवलेला वेळ बुडेल. जॅना बॅस्टो यांनी रूढ केलेली ‘आत्ता, पुढे, नंतर’ अशा तीन रकान्यांची मांडणी यासाठीच उपयोगी पडते. ‘आत्ता’मध्ये हातातल्या रिलीजची कामे तपशिलाने. ‘पुढे’मध्ये येत्या काही महिन्यांतली मोठी कामे, आकाराचा ढोबळ अंदाज घेऊन. ‘नंतर’मध्ये फक्त अडचणी, उपायाशिवाय. आपल्या संस्थेच्या ॲपमध्ये ‘नंतर’च्या रकान्यात ‘गेटपासचे फीचर’ असे लिहिण्यापेक्षा ‘रात्री येणाऱ्या पाहुण्यांची खात्री वॉचमनला करता येत नाही’ असे लिहिणे बरे. उपाय तेव्हा ठरेल. कदाचित तोपर्यंत निम्म्या संस्थांनी त्यासाठी दुसरे ॲप घेतलेले असेल आणि ही ओळ पुसून टाकावी लागेल.

या रकान्यांना तारखा नसणे हेच विक्री विभागाला सर्वांत जास्त खटकते, आणि त्यांची अडचण खरी आहे. ग्राहक सही करण्याआधी ‘पार्किंगचे वाटप कधी येणार?’ असे विचारतोच. यावर ‘सांगता येत नाही’ हे उत्तर निरुपयोगी आहे आणि ‘सप्टेंबरमध्ये’ हे उत्तर धोक्याचे. त्याऐवजी काय माहीत आहे ते सांगता येते: पार्किंग ‘पुढे’च्या रकान्यात आहे, एप्रिलच्या रिलीजनंतर त्याचा आकार ठरेल, आणि मेच्या अखेरीस ते कोणत्या तिमाहीत बसते हे कळवले जाईल. फीचरची तारीख नसली तरी तारीख कळण्याची तारीख देता येते. ती पाळणे पूर्णपणे टीमच्या हातात असते. एखाद्या ग्राहकाशी करारात फीचर आणि तारीख दोन्ही लिहून दिलेली असतील, तर ते काम रोडमॅपवर वेगळ्या खुणेने दाखवावे. अशी खुणेची कामे किती हे दर महिन्याला मोजावे, कारण त्यांनी टीमचा निम्मा वेळ व्यापला की सैल सोडायला यादीत काही उरत नाही.

प्रत्येक स्प्रिंटनंतर रिलीजचा आराखडा आणि साधारण दर तिमाहीला रोडमॅप पुन्हा लिहिला जातो. नव्या प्रतीवर तारीख टाकून मागच्या प्रतीपेक्षा काय बदलले आणि का, हे दोन-तीन वाक्यांत वर लिहिले जाते. मागच्या प्रती फेकायच्या नसतात. सहा महिन्यांपूर्वी दोन रेघांच्या मध्ये असलेली किती कामे खरोखर त्या रिलीजमध्ये गेली, हे त्यांवरून पाहता येते. बहुतेक कामे हुकत असतील तर मंद तीनऐवजी मंद दोनची सरासरी धरावी किंवा यादीच्या वाढीसाठी दर स्प्रिंटला काही पॉइंट आधीच बाजूला ठेवावेत. जवळजवळ सगळी होत असतील तर खालची रेघ थोडी सैल करता येते. या टीमचा पुढचा आराखडा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लिहिला जाईल. त्यात पहिल्या ओळीवर व्याज असेल, त्याच्यापुढे जुलैची तारीख, आणि त्याखाली एक्सेलचे उरलेले वीस पॉइंट, जर तोपर्यंत एखाद्या तरी खजिनदाराला त्यांची गरज उरली असेल तर.